हॉटेलातून एचआरमध्ये: रेझ्युमेत रोस्टरला बोलतं करा

हॉटेलात सहा-आठ वर्षं काढलेली माणसं एचआरच्या जागेसाठी अर्ज करतात, तेव्हा त्यांच्या रेझ्युमेचं पहिलं पान बहुतेक वेळा पाहुण्यांनीच भरलेलं असतं. चेक-इन, चेक-आउट, व्हीआयपी पाहुण्यांची सरबराई, तक्रारींचं निवारण, खोल्यांचं अपसेलिंग, ऑनलाइन रिव्ह्यूंना उत्तरं. आणि अगदी तळाशी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी एक ओळ सापडते: ‘ड्यूटी रोस्टर तयार करणे.’

एचआरची जागा भरणाऱ्या माणसाला हवी असते ती नेमकी ही तळाची ओळ. दहा-पंधरा माणसांना तीन पाळ्यांत बसवणं, कोणाची सुट्टी मान्य करायची आणि कोणाची नाही हे ठरवणं, आजारी पडलेल्याच्या जागी रात्री दहा वाजता दुसऱ्याला तयार करणं आणि हे सगळं करूनही महिनाअखेरीस हजेरी पगारपत्रकाशी जुळवून देणं, हे माणसं सांभाळण्याचंच काम आहे. पण ‘तयार करणे’ एवढ्या दोन शब्दांत त्यातलं काहीच दिसत नाही. एक्सेलच्या तक्त्यात कोणीही नावं भरू शकतो. त्या तक्त्यामागे कोणते निर्णय घेतले आणि त्यांतून काय बदललं, ते कागदावर आलं पाहिजे.

एक उदाहरण तपशिलात पाहू. व्यक्ती कल्पित आहे, परिस्थिती हॉटेलातल्या कोणालाही ओळखीची वाटेल अशी. पुण्यातलं शंभरेक खोल्यांचं बिझनेस हॉटेल. तिथे फ्रंट ऑफिसला ही बाई ट्रेनी म्हणून लागली आणि आता ड्यूटी मॅनेजर आहे. रिसेप्शनचा रोस्टर तिच्याकडे आहे. सकाळी 7 ते 3 तीन माणसं, दुपारी 3 ते 11 तीन, रात्री 11 ते सकाळी 7 दोन. म्हणजे रोजच्या आठ पाळ्या भरायच्या आणि हाताशी माणसं दहा.

आता हिशेब करू. वर्षाचे 365 दिवस, रोज आठ, म्हणजे 2,920 पाळ्या. एका माणसाच्या 52 साप्ताहिक सुट्ट्या वजा केल्या तर 313 दिवस उरतात. हक्काच्या, आजारपणाच्या आणि सणावारांच्या रजा मिळून साधारण तीस दिवस धरले, तर तो प्रत्यक्षात 283 दिवस कामावर येतो. दहा माणसांच्या झाल्या 2,830 पाळ्या. म्हणजे कोणीही दांडी मारली नाही, कोणीही नोकरी सोडली नाही, तरी वर्षाला 90 पाळ्या कमीच पडतात. या 90 पाळ्या कुठून येतात? कोणाची तरी साप्ताहिक सुट्टी रद्द होते, कोणी तरी डबल ड्यूटी करतं, कॉम्प-ऑफ साठत जातात. रोस्टर करणाऱ्या प्रत्येकाला ही ओढाताण अंगावर आलेली असते, पण तिचा आकडा फार थोड्यांनी काढलेला असतो. एचआरमध्ये यालाच मनुष्यबळ नियोजन म्हणतात. हा हिशेब ज्याला मांडता येतो, त्याच्याशी मुलाखतीत बोलणं लगेच वेगळ्या पातळीवर जातं.

आपल्या ड्यूटी मॅनेजरने काय केलं? तिच्या हाती रोस्टर आला तेव्हा रात्रपाळ्या ठरावीक चौघांच्याच गळ्यात पडत होत्या. चार आठवड्यांत रात्रीच्या 56 पाळ्या होतात, म्हणजे प्रत्येकी चौदा. यांतले दोघं सारखे आजारी पडायचे आणि त्यांच्या जागी आयत्या वेळी दुसऱ्या कोणाला थांबवावं लागायचं. रोस्टर शनिवारी रात्री लागायचा आणि सोमवारपासून अमलात यायचा. त्यामुळे कोणालाच गावाकडचं लग्न की मुलाच्या शाळेतली पालकसभा, काही ठरवता यायचं नाही. तिने चार आठवड्यांचा फिरता रोस्टर आखला आणि तो दोन आठवडे आधी लावायला सुरुवात केली. दोघांना तब्येतीमुळे आणि लहान मुलामुळे रात्रपाळीतून सूट दिली. उरलेल्या आठ जणांत 56 पाळ्या वाटल्या की प्रत्येकी सात. रात्रपाळी संपवून निघालेल्याला त्याच दिवशी दुपारी बोलवायचं नाही, हा नियम केला. पाळी आपसांत बदलायची असेल तर दोन दिवस आधी दोघांनी लिहून द्यायचं. गणपती, दिवाळी, ईद आणि नाताळ यांपैकी कोणाला कोणता सण घरी हवा, हे वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून ठेवलं.

यात एक कायद्याची बाजूही आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार महिला कर्मचाऱ्याला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, शिवाय सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत सोडण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. दुपारची पाळी 11 ला सुटते, म्हणजे हा प्रश्न तिच्या रोस्टरमध्ये रोजच होता. तिने संमतीपत्रं फाइलला लावली, ड्रॉपच्या गाडीच्या वेळा पाळीला जोडल्या आणि उशीर झाल्यास त्याची नोंद ठेवली. हॉटेलात आपण याला ‘ड्रॉप लावणं’ म्हणतो आणि विसरून जातो. एचआरवाल्यांच्या लेखी ते कायद्याचं पालन आहे आणि रेझ्युमेत त्याला स्वतंत्र ओळ मिळायला हवी.

आता आकडे कुठून आणायचे हा प्रश्न. ‘आमच्याकडे असलं काही मोजत नाहीत,’ असं हॉटेलवाले हमखास सांगतात. पण रोस्टर दोन असतात: एक लावलेला आणि एक प्रत्यक्षात झालेला. लावलेला नोटीस बोर्डावर किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतो, झालेला हजेरीपटात किंवा बायोमेट्रिकच्या नोंदीत. दोन्ही शेजारी ठेवून फरक मोजला की आयत्या वेळच्या गैरहजेऱ्या, रद्द झालेल्या सुट्ट्या आणि साठलेले कॉम्प-ऑफ तिन्ही हाती लागतात. एका संध्याकाळचं काम आहे. तुलना मात्र सारख्याच महिन्यांची करावी. डिसेंबरमधल्या गर्दीची तुलना जूनशी केली तर आकडा छान दिसेल, पण मुलाखत घेणारा हॉटेलातलाच असेल तर तो पहिल्याच प्रश्नात पकडेल. समजा, आपल्या उदाहरणात आदल्या वर्षीच्या जुलै ते सप्टेंबरमध्ये आयत्या वेळच्या गैरहजेऱ्या 27 होत्या, नवा रोस्टर आल्यावर त्याच तीन महिन्यांत त्या 14 झाल्या. साठलेले कॉम्प-ऑफ 41 वरून 12 वर आले.

भारतात रेझ्युमे बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच द्यावा लागतो, तेव्हा इथे त्या ओळींचा आशय मराठीत देते. मूळची ओळ अशी होती: ‘फ्रंट ऑफिसचा ड्यूटी रोस्टर तयार केला व कामकाज सुरळीत ठेवलं.’ तिच्या जागी आता या तीन येतात.

‘तीन पाळ्यांत काम करणाऱ्या 10 जणांसाठी चार आठवड्यांचा फिरता रोस्टर आखला, चौघांवर असलेल्या रात्रपाळ्या आठ जणांत समान वाटल्या, आयत्या वेळच्या गैरहजेऱ्या तिमाहीला 27 वरून 14 वर आल्या.’

‘पाळ्यांचा वार्षिक हिशेब करून 90 पाळ्यांची तूट व्यवस्थापनापुढे लेखी मांडली, नवीन पद मंजूर होईपर्यंत रिझर्व्हेशनच्या दोघांना रिसेप्शनचं काम शिकवून तूट भागवली.’

‘महिला कर्मचाऱ्यांच्या रात्रीच्या कामासाठी संमतीपत्रं, ड्रॉपची व्यवस्था आणि त्याच्या नोंदी सांभाळल्या, महिन्याची हजेरी, रजा आणि ओव्हरटाइमचा तपशील पगारपत्रकासाठी एचआरला दिला.’

या ओळींत एकही भारदस्त शब्द नाही. ‘उत्कृष्ट नेतृत्वगुण’ नाही, ‘संघभावना जोपासली’ नाही. किती माणसं, अडचण काय, निर्णय कोणता आणि त्यानंतर काय झालं, एवढंच आहे. आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या: ‘गैरहजेऱ्या 14 वर आल्या’ असं लिहिलं आहे, ‘नोकरी सोडण्याचं प्रमाण कमी केलं’ असं लिहिलेलं नाही. लोक नोकरी सोडून जातात त्याला पगार, जनरल मॅनेजर आणि शेजारी उघडलेलं नवं हॉटेल अशी दहा कारणं असतात. त्याचं श्रेय एका ड्यूटी मॅनेजरने घेतलं तर उरलेल्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

पाहुण्यांकडे वळू. इथे हॉटेलवाल्यांची सर्वांत मोठी चूक होते, असं मला वाटतं. ‘चिडलेल्या पाहुण्यांना शांत केलं, म्हणून कर्मचाऱ्यांच्या तक्रारीही हाताळता येतील’ हे समीकरण ते गृहीत धरतात. दोन्हींमध्ये ऐकून घेण्याचं कौशल्य लागतं हे खरं, पण पुढची वाट वेगळी आहे. पाहुण्याची तक्रार आपण वीस मिनिटांत मिटवतो: माफी, खोली बदलून देणं, रात्रीच्या जेवणात सवलत, फळांची टोपली. तो दुसऱ्या दिवशी निघून जातो. कर्मचारी उद्याही येणार असतो, ज्याच्याविरुद्ध तक्रार केली तोही येणार असतो. एकाला दिलेली सवलत उद्या दुसरा मागतो. म्हणून तिथे दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात, पुरावा पाहावा लागतो, गुप्तता पाळावी लागते आणि निर्णय लिहून ठेवावा लागतो. रेझ्युमेत ‘पाहुण्यांचं समाधान 95 टक्के’ असं वाचून एचआर मॅनेजरच्या मनात उलट शंका येऊ शकते, की हा माणूस वाद आला की काहीतरी देऊन मोकळा होणार.

त्यामुळे पाहुण्यांच्या शेकडो प्रसंगांतून निवडक उचलायचे: ज्यांत चौकशी झाली, किंवा ज्यांत आपल्या माणसाच्या पाठीशी उभं राहावं लागलं. असा एक प्रसंग घेऊ. दुपारी दोनची वेळ, चेक-इनची गर्दी. एका पाहुण्याची खोली तयार नाही. काउंटरवर हॉटेल मॅनेजमेंटचा ट्रेनी, त्याला जेमतेम महिना झालेला. पाहुणा त्याच्यावर ओरडतो आणि त्याला काढून टाका अशी लेखी तक्रार देतो. ड्यूटी मॅनेजर आधी ट्रेनीला मागच्या ऑफिसात पाठवते आणि स्वतः काउंटरवर उभी राहते. पाहुण्याची सोय लावते. इथपर्यंतचं काम कोणताही चांगला हॉटेलवाला करेल. एचआरच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते संध्याकाळी घडतं. ती ट्रेनीला एकट्याला बोलावून त्याचं म्हणणं ऐकते, लॉगबुक काढते, हाउसकीपिंगने खोली साफ झाल्याची नोंद कधी केली ते सिस्टिममध्ये पाहते. खोली दीड वाजता तयार झाली होती, पण नोंद सव्वादोनला झाली, असं निघतं. ट्रेनीने दिलेली माहिती चुकीची नव्हतीच, त्याच्या स्क्रीनवर जे दिसत होतं तेच त्याने सांगितलं होतं. ती तसा अहवाल देते. ट्रेनीवर कारवाई होत नाही, आणि हाउसकीपिंगच्या सुपरवायझरने खोली तयार होताच फोन करायचा अशी पद्धत ठरते.

याची ओळ अशी होईल: ‘प्रशिक्षणार्थीविरुद्ध आलेल्या लेखी तक्रारीची चौकशी केली, दोन्ही बाजू ऐकून आणि नोंदी पडताळून दोष कार्यपद्धतीत असल्याचं दाखवलं, दोन विभागांतली नोंदीची पद्धत बदलली.’ पाहुणा, त्याचं नाव, त्याची कंपनी, खोलीचा क्रमांक, यांतलं काही त्यात नको. दुसऱ्याची माहिती रेझ्युमेत सहज लिहून टाकणारा उमेदवार एचआरला धोक्याचाच वाटणार, कारण उद्या त्याच्या टेबलावर सगळ्यांचे पगार आणि वैद्यकीय कागद येणार असतात. सहकाऱ्यांच्या नावांचा रोस्टर ‘कामाचा नमुना’ म्हणून जोडणंही याच कारणाने टाळावं. दाखवायचाच असेल तर नावांच्या जागी अ, ब, क घालून कोरा तक्ता करावा.

याहून नाजूक एक गोष्ट आहे. पाहुण्याने किंवा सहकाऱ्याने महिला कर्मचाऱ्याशी गैरवर्तन केल्याचे प्रसंग हॉटेलात घडतात, आणि ते धीराने हाताळल्याचा अभिमान वाटणं स्वाभाविक आहे. पण 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात अशी तक्रार अंतर्गत समितीने पाहायची आहे, आणि तक्रारीचा मजकूर व संबंधितांची ओळख उघड करायला कलम 16 ने मनाई आहे. समितीच्या सदस्य असाल तर तेवढंच, कोणत्या काळात होतात त्यासह लिहा. ‘छळाची अमुक प्रकरणं सामोपचाराने मिटवली’ अशी ओळ वाचल्यावर जाणकार माणूस अर्ज बाजूला ठेवेल. ड्यूटी मॅनेजरने ती मिटवायची नसतातच.

रेझ्युमेची मांडणी कशी असावी याबद्दल थोडंच सांगते. पदनाम बदलू नका. नेमणूकपत्रात ‘ड्यूटी मॅनेजर’ असेल तर तेच लिहा. ‘पीपल मॅनेजर’ लिहिलंत आणि पार्श्वभूमी पडताळणीत रिलीव्हिंग लेटरवर दुसरं निघालं, तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते. बदलायचा आहे तो त्या पदाखालच्या ओळींचा क्रम: आधी रोस्टर आणि हजेरी, मग नवीन माणसांची भरती व प्रशिक्षण, मग तक्रारी आणि चौकशा, शेवटी पाहुणे आणि महसूल. काही जण नोकऱ्यांचा कालक्रमच मोडून नुसती कौशल्यांची यादी करतात, म्हणजे हॉटेल दिसणार नाही. ते करू नये. वाचणाऱ्याला काहीतरी लपवल्यासारखं वाटतं आणि तो तारखा शोधत बसतो. दोन रकान्यांची रंगीत टेम्प्लेटही टाळा, नोकरीच्या पोर्टलवर फाइल चढवली की पुष्कळदा त्यातला मजकूर इकडचा तिकडे होतो. ओपेरासारखं हॉटेलचं सॉफ्टवेअर शेवटच्या ओळीत जाऊ द्या. एक्सेल आणि हजेरीची जी प्रणाली वापरलीत तिचं नाव वर आणा.

प्रशिक्षणाचा अनुभवही हॉटेलात पुष्कळ असतो आणि तो असाच वाया जातो. हॉटेल मॅनेजमेंटची मुलं इंडस्ट्रियल ट्रेनिंगला काही महिने येतात, त्यांना विभागांतून फिरवायचं असतं, त्यांची लॉगबुकं तपासायची असतात, शेवटी मूल्यमापन द्यायचं असतं. रोजच्या ब्रीफिंगमध्ये ग्रूमिंगपासून नव्या दरांपर्यंत सांगायचं असतं. तुम्ही विभागाचे अधिकृत ट्रेनर असाल तर ते ठळक लिहा. नसाल तर वर्षाला किती ट्रेनी तुमच्या हाताखाली आले आणि त्यांतल्या कितींना नंतर नोकरीवर घेतलं, हे दोन आकडे पुरतात.

मग जे नाही त्याचं काय? पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधी, ईएसआय, ग्रॅच्युइटी यांचं काम हॉटेलच्या ऑपरेशन्समधल्या माणसाने केलेलं नसतं. तिथे ‘कामगार कायद्यांचं ज्ञान’ असं लिहिणं म्हणजे मुलाखतीत स्वतःहून खड्डा खणणं; पहिला प्रश्न तिथूनच येतो. जे शिकत आहात त्याचं नाव आणि पूर्ण होण्याचा महिना लिहा. शिवाय नोकरी सोडण्याआधी हॉटेलातल्याच एचआरला विचारून महिनाअखेरीचे दोन-तीन दिवस पगारपत्रक तयार होताना बसता आलं तर बसा. ‘ऑपरेशन्समध्ये असताना सलग तीन महिने हजेरी आणि पगारपत्रकाच्या ताळमेळात मदत केली’ ही लहानशी, खरी ओळ कोणत्याही प्रमाणपत्राच्या बरोबरीने उभी राहते.

हा रेझ्युमे पाठवायचा कुठे, यावरही बरंच अवलंबून आहे. सोमवार ते शुक्रवार चालणाऱ्या कचेरीत रोस्टरच नसतो, त्यामुळे तिथे या अनुभवाची किंमत कमी. रुग्णालयं, चोवीस तास चालणारी कॉल सेंटर, मॉलमधली मोठी दुकानं, सुविधा व्यवस्थापनाच्या कंपन्या, आणि अर्थातच हॉटेलांचे स्वतःचे एचआर विभाग, इथे पाळ्या ही रोजची डोकेदुखी असते. रुग्णालयाला अर्ज करताना रात्रपाळीच्या वाटणीची आणि संमतीपत्रांची ओळ सर्वांत वर ठेवा, कारण नर्सिंगच्या रोस्टरमध्ये तोच प्रश्न आहे. हॉटेलच्या एचआरसाठी ट्रेनी आणि भरती वर आणा. सुविधा व्यवस्थापनाच्या कंपनीसाठी लग्नसराईत बँक्वेटला कंत्राटदाराकडून आलेल्या माणसांची हजेरी तुम्ही कशी घेतली, ते सांगा. जागा बहुधा एचआर एक्झिक्युटिव्हची असेल, मॅनेजरची नाही. पहिल्या वर्षी पदनामात एक पायरी खाली यावं लागतं, आणि सर्व्हिस चार्ज थांबल्यामुळे हाती येणारा पैसाही कमी होऊ शकतो. हे गणित अर्ज करण्याआधी घरच्यांबरोबर बसून मांडावं.

मुलाखतीत एक प्रश्न जवळपास ठरलेला: गणपतीत दोघांनी एकाच दिवसाची रजा मागितली आणि एकालाच देता येते, तर कोणाला देणार? ‘दोघांना समजावीन’ हे उत्तर पुरत नाही. मागच्या वर्षी कोणाला मिळाली होती ते नोंदीत पाहीन. ज्याला मिळाली नव्हती त्याला आधी देईन. दोघांचीही वेळ सारखीच असेल तर ज्याने आधी लिहून मागितली त्याला. नाकारलेल्याला कारण त्याच दिवशी सांगेन आणि त्याला पुढच्या सणाला पहिला हक्क असल्याची नोंद करीन. हे असं सांगता आलं, आणि ती नोंदवही आपण खरोखर ठेवत होतो असं दाखवता आलं, की समोरचा माणूस बहुधा पुढचा प्रश्न रुजू व्हायच्या तारखेचा विचारतो.